रीअँप बॉक्स: काही महिने वापरल्यावर, मुख्यतः त्याच्या नॉबबद्दल

रेकॉर्ड केलेला गिटारचा ट्रॅक परत अँपला पाठवणारा माझा हा बॉक्स; त्याचा लेव्हल नॉब खरखरायला लागला म्हणून सर्व्हिस सेंटरला फोन केला. उत्तर मिळालं, नॉब हा झिजणारा भाग, तो वॉरंटीत बसत नाही. अहो, एक ट्रान्सफॉर्मर, एक ग्राउंड लिफ्टचा स्विच आणि एक नॉब, एवढंच तर सामान आहे त्या डब्यात! मग वॉरंटी नेमकी कशाची, पत्र्याची?

माझा वापर असा: रात्री हेडफोन लावून गिटार थेट इंटरफेसच्या इन्स्ट्रुमेंट इनपुटमध्ये रेकॉर्ड करायची, आणि शेजारपाजार बाहेर गेला की तोच स्वच्छ ट्रॅक १५ वॉटच्या व्हॉल्व्ह अँपमधून वाजवून माइक लावायचा. पहिले काही आठवडे वाटत होतं की पैसे पाण्यात गेले. लाइन आउटमधून साधी केबल अँपला लावली आणि सॉफ्टवेअरमध्ये फेडर खाली ओढला, तरी आवाज येतोच की.

येतो, पण सोबत दोन पाहुणे घेऊन. पहिला म्हणजे ५० हर्ट्झची घुंई. संगणक आणि अँप दोन्ही अर्थिंगला जोडलेले, त्यात केबलने तिसरी वाट दिली की लूप तयार. बॉक्समधला ट्रान्सफॉर्मर आणि ग्राउंड लिफ्ट ती वाट तोडतात. (अँपच्या प्लगची अर्थ पिन काढून घुंई घालवणारे महाभाग मला माहीत आहेत. जिवाशी खेळ आहे तो.) दुसरा पाहुणा म्हणजे सूं आवाज. फेडर खाली ओढला की गिटार लहान होते, इंटरफेसचा स्वतःचा नॉइज मात्र तेवढाच राहतो, आणि गेन चढवलेला अँप त्यालाही मोठा करतो. नॉबने कमी केलं तर दोन्ही एकत्र खाली येतात. तिथे माझं मत बदललं.

आता लेव्हल किती कमी करायची? माझ्या इंटरफेसचं लाइन आउट पूर्ण भरल्यावर +१६ डीबीयू देतं. ज्या गेनवर मी रेकॉर्ड करतो त्यावर इनपुट +४ डीबीयूलाच पूर्ण भरतं. म्हणजे गिटारने दिलं त्याच्या १२ डीबी जास्त, व्होल्टेजमध्ये चौपट, बाहेर पडतं. तेवढं अँपला दिलं की स्वच्छ वाजणारा अँप करकरायला लागतो आणि पिकचा ठोका दबून जातो.

कानाने अंदाज घेण्यापेक्षा मी असं करतो. एका ट्रॅकवर १ किलोहर्ट्झचा साइन टोन −२० डीबीला ठेवतो आणि तो फक्त रीअँपच्या आउटपुटला पाठवतो. बॉक्सची केबल अँपऐवजी त्याच इन्स्ट्रुमेंट इनपुटला लावतो, रेकॉर्डिंगच्या वेळचा गेन तसाच ठेवून. इनपुट मॉनिटरिंग आधी बंद, नाहीतर सिग्नल गोल फिरून किंचाळतो. मग मीटर −२० दाखवेपर्यंत नॉब फिरवायचा. हे इनपुट आणि अँपचं इनपुट, दोन्ही साधारण १ मेगाओहमचे, त्यामुळे मीटरवर जुळलं की अँपलाही गिटारइतकंच मिळतं.

आणि इथेच त्या नॉबने छळलं. खूण नाही, आकडे नाहीत, आणि जुळणारी जागा पहिल्या पाव फेऱ्यातच. केसभर हलवला की दीड-दोन डीबी इकडे तिकडे. मास्किंग टेप लावली, त्यावर रेघ मारली, तरी केबल काढताना धक्का लागला की सगळं पहिल्यापासून.

शेवटी खरखरीच्या निमित्ताने डबा उघडला. नॉबमागे १० किलोओहमचा लिनियर पॉट, म्हणजे फिरवून कमी-जास्त करायचा रेझिस्टर. चौपट कमी करायचं म्हणजे लिनियर पॉटवर चतुर्थांश जागा, आणि खालच्या टोकाला थोडंसं फिरवलं तरी डीबीत मोठा फरक पडतो. लॅमिंग्टन रोडवरून वडापावाच्या भावात नवीन पॉट आणला आणि त्याच्या आधी १० किलोओहमचा एक रेझिस्टर सिरीजमध्ये जोडला. आता नॉब पूर्ण उघडला तरी व्होल्टेज निम्मं, त्यामुळे माझी जागा बरोबर मध्यावर येते आणि हात थरथरला तरी आधीच्या निम्माच फरक पडतो. कंपनीला एवढा रेझिस्टर महाग पडला असता का?

इम्पीडन्सबद्दल जाहिरातीत जेवढा गवगवा आहे तेवढा फरक मला अँपमध्ये थेट ऐकू आला नाही. पिकअपवर इनपुट आणि केबलचा जो भार पडायचा तो रेकॉर्डिंगच्या वेळीच पडून गेलेला असतो. फझ फेससारख्या पेडलला मात्र हा बॉक्स फसवू शकत नाही. त्याचा इनपुट इम्पीडन्स इतका कमी की पिकअपची कॉइल त्या सर्किटचा भागच होते, आणि बॉक्समधला रेझिस्टर म्हणजे काही कॉइल नव्हे. आवाज जास्त चरचरीत येतो. म्हणून फझ हवा असेल तेव्हा मी तो गिटारला जोडूनच रेकॉर्ड करतो आणि बॉक्सकडे फक्त अँपचं काम ठेवतो.