‘नावे पडले’ म्हणजे जमा झाले नव्हे : आईच्या टपाल खात्यातून गेलेले सत्तर हजार

माझी आई ७८ वर्षांची आहे आणि तालुक्याच्या गावी एकटी राहते. वडिलांच्या पश्चात तिने २०२३ च्या जूनमध्ये टपाल कार्यालयाच्या मासिक उत्पन्न योजनेत ९ लाख रुपये ठेवले. व्याजाचा दर ७.४ टक्के असल्यामुळे दरमहा ५,५५० रुपये तिच्या टपाल बचत खात्यात जमा होऊ लागले. त्याच खात्यात जुन्या आवर्ती ठेवीचे सुमारे १ लाख १० हजार रुपये आधीपासून पडून होते. गुडघ्यांमुळे तिला कार्यालयाचा जिना चढवत नसल्याने ही योजना काढून देणाऱ्या अल्पबचत एजंटाने दरमहा व्याजाची रक्कम घरी आणून देण्याची तयारी दाखवली. तो आईला ‘काकू’ म्हणत असे, वेळेवर येत असे आणि पैसे मोजून देत असे. मी पुण्याला असल्यामुळे मलाही त्यात सोयच दिसली.

पैसे काढण्याचा अर्ज हिंदी आणि इंग्रजीत छापलेला असतो. आई त्यात खाते क्रमांक आणि आकड्यांत ५,५५० एवढी रक्कम स्वतः लिहीत असे. त्याखाली रक्कम अक्षरी लिहिण्याची ओळ असते. ‘अक्षरी’ म्हणजे तीच रक्कम शब्दांत लिहायची, जेणेकरून आकडा बदलला तरी शब्द त्याला खोटे पाडतील. हात थरथरत असल्यामुळे आई ती ओळ कोरी ठेवत असे आणि “मी भरतो, काकू” असे म्हणून एजंट अर्ज घेऊन जात असे. शिवाय आकडा लिहिताना रुपयांच्या चिन्हानंतर ती बोटभर जागा सोडत असे. त्या मोकळ्या जागेत एक ‘१’ बसला की ५,५५० चे १५,५५० होतात आणि कोऱ्या ओळीत ‘पंधरा हजार पाचशे पन्नास’ लिहिणे त्याच्याच हातात होते.

या अर्जावर दोन सह्या असतात आणि माझ्या मते ज्येष्ठांना सर्वांत आधी समजावून सांगायला हवी ती दुसरी सही. पहिली सही ‘मला एवढे पैसे द्यावेत’ या मागणीखाली असते. दुसरी सही ‘एवढे पैसे मला मिळाले’ या पोचेखाली असते. ती नोटा हातात पडल्यावर करायची असते, पण आई दोन्ही सह्या घरीच, एका बैठकीत करून देत असे. त्याच अर्जात ‘संदेशवाहक’ असा शब्द आहे. खातेदार स्वतः येऊ शकत नसेल तर ज्याच्या हाती पैसे द्यावेत असे तो लिहून देतो, तो माणूस म्हणजे संदेशवाहक. तिथे निरोप्याचे नाव लिहायचे असते, अशी आईची समजूत होती आणि ती जागाही कोरीच जात असे. पुढे तक्रार करायला गेलो तेव्हा आम्हाला सांगण्यात आले की, एजंटाला संदेशवाहक म्हणून पैसे देता येत नाहीत. त्यामुळेच त्या जागी आम्हाला ठाऊक नसलेल्या एका तरुणाचे नाव लिहिलेले होते.

जुलै ते ऑक्टोबर २०२३ या चार महिन्यांत व्यवहार चोख झाला. नोव्हेंबरपासून मात्र दरमहा खात्यातून १५,५५० रुपये निघत राहिले आणि आईच्या हातात ५,५५० च पडत राहिले. पासबुक ‘नोंदी करून आणतो’ म्हणून एजंटाकडेच राहिले होते. खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांकही आईचा नव्हता. योजनेच्या अर्जात मोबाइलच्या रकान्यात त्याने स्वतःचा क्रमांक लिहिला होता, त्यामुळे रक्कम निघाल्याचा संदेश त्यालाच जात असे. आईचा फोन साधा असला तरी त्यावर संदेश येतात आणि आकडा वाचण्याइतकी तिची नजर चांगली आहे, म्हणून हा रकाना हुकल्याची खंत मला अधिक वाटते.

मार्च २०२४ मध्ये हे सारे थांबू शकले असते. शेजारच्या मुलाच्या आधाराने आई एकदा कार्यालयात गेली आणि तिने खात्याची चौकशी केली. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने संगणकात पाहून सांगितले, “या महिन्यात तुमच्या खात्याला पंधरा हजार पाचशे पन्नास नावे पडले आहेत.” आई समाधानाने घरी आली. ‘माझ्या नावे पडले’ म्हणजे माझ्या नावावर आले, असाच अर्थ तिने घेतला आणि रोजच्या बोलण्यात तो चूक नाही, कारण आपण घर मुलाच्या नावे करतो, शेत सुनेच्या नावे करतो. हिशेबाच्या भाषेत मात्र ‘नावे’ हा ‘जमा’च्या उलट शब्द आहे. खात्याला नावे पडले म्हणजे खात्यातून गेले. त्या कर्मचाऱ्याने ‘काढले’ एवढा साधा शब्द वापरला असता, तर एप्रिल आणि मे महिन्यांचे वीस हजार तरी वाचले असते, असे मला आजही वाटते.

जूनमध्ये मी गावी गेलो, एजंटाकडून पासबुक मागून घेतले आणि कार्यालयात जाऊन त्यात नोंदी छापून घेतल्या. पासबुकात पाहायचे रकाने तीनच असतात : आत आलेली रक्कम, बाहेर गेलेली रक्कम आणि शिल्लक. आत आलेली रक्कम दर महिन्याला ५,५५० होती. बाहेर गेलेली रक्कम पहिले चार महिने तेवढीच, पण पुढचे सात महिने १५,५५० होती. शिल्लक नोव्हेंबरपासून दरमहा दहा हजारांनी उतरत गेली होती. आई दरमहा फक्त व्याजच घेत होती, म्हणजे शिल्लक जागची हलायला नको होती. केवळ तो एक रकाना वरून खाली वाचला असता तरी डिसेंबरमध्येच चोरी उघड झाली असती. एकूण ७० हजार गेले होते.

आम्ही पोस्टमास्तरांकडे लेखी अर्ज दिला, त्याची प्रत डाक अधीक्षकांना पाठवली आणि आमच्या प्रतीवर तारखेसह शिक्का मारून घेतला. चौकशीत ते सात अर्ज आमच्यासमोर ठेवण्यात आले. आईला पहिला प्रश्न विचारला गेला तो असा : “आजी, ही सही तुमचीच ना?” दोन्ही ठिकाणची सही तिचीच होती. ‘मिळाले’ या शब्दाखाली खातेदाराची खरी सही असताना मिळाले नाहीत हे सिद्ध करणे किती अवघड जाते, ते त्या दिवशी कळले. आमच्या बाजूने उपयोगी पडल्या त्या दोनच गोष्टी : सातही अर्जांत आकड्यातला ‘१’ आणि अक्षरी ओळ वेगळ्या हस्ताक्षरात होती आणि संदेशवाहकाला आई ओळखत नव्हती. पोलिसांत जाण्याची वेळ आल्यावर एजंटाने ३० हजार आणून दिले. उरलेल्या ४० हजारांचा निकाल अजून लागलेला नाही.

आता मासिक व्याज आईच्या बँक खात्यात परस्पर जाते, त्यासाठी टपाल कार्यालयात एकदाच अर्ज द्यावा लागला. बचत खात्यातून कधी पैसे काढायचे झाले, तर ती रुपयांच्या चिन्हाला चिकटवून आकडा लिहिते, त्यापुढे ‘/-’ अशी खूण करते, कितीही वेळ लागला तरी अक्षरी ओळ स्वतः भरून शेवटी ‘फक्त’ लिहिते आणि संदेशवाहकाच्या जागेवर आडवी रेघ ओढते. दुसरी सही ती खिडकीसमोर, नोटा मोजून झाल्यावर करते. मागच्या महिन्यात रांगेतल्या एका बाईंनी तिला “आजी, दोन्ही सह्या आत्ताच करून टाका ना, वेळ वाचेल” असे सुचवले, तेव्हा तिने पेन मिटवून पर्समध्ये ठेवले.