गरम पाण्याची कॉपर लाइन: सोल्डर की ब्रेझिंग?

कोथरूडला मावशीच्या बिल्डिंगमध्ये सोलरची लाइन कॉपरची आहे, २२ एमएमची, तिचा गच्चीवरचा एक एल्बो टपकायला लागला तेव्हा प्लंबर म्हणाला सोल्डर मारून देतो, आणि एसीवाला म्हणाला सोल्डर टिकत नाही, ब्रेझिंगच करून घ्या. मावशीने मला विचारलं, आणि मी दोन्ही कामं केलेली आहेत म्हणून सविस्तर लिहितोय.

दोन्हीत पाइप न वितळवता फटीत दुसरा धातू वितळवून जॉइंट करतात, मुख्य फरक उष्णतेचा आहे. टिन-कॉपरची शिशाविरहित सोल्डर वायर साधारण २२७ डिग्रीला वितळायला लागते, ब्रेझिंगचा फॉस-कॉपर रॉड ७०० च्या वर. एसीच्या गॅस लाइनला प्रेशर आणि कंप्रेसरची थरथर असते, तिथे ब्रेझिंगच पाहिजे, त्यात एसीवाल्याचं बरोबर आहे. पण घरातल्या पाण्याच्या लाइनला टाकीतलं पाणी शंभरच्या खालीच असतं, तिथे नीट केलेला सोल्डर जॉइंट वर्षानुवर्षं टिकतो. उलट ब्रेझिंगच्या उष्णतेने कडक पाइप जॉइंटपाशी मऊ पडतो, आणि भिंतीतल्या लाइनवर एवढी आग मारली तर आसपासचा रंग, वायरिंग, टाकीचं गॅस्केट सगळंच धोक्यात. फक्त सोलर पॅनलच्या अगदी तोंडाशी, जिथे पाणी वापरलं नाही तर पाइप भयंकर तापतो, तिथे मी स्वतः ब्रेझिंगच करीन.

म्हणजे मावशीच्या एल्बोला सोल्डर. पण सोल्डर टिकत नाही असं लोक का म्हणतात तेही बघा, कारण बहुतेक वेळा जॉइंट सोल्डरमुळे नाही तर घाईमुळे गळतो.

आधी सफाई. पाइपचं टोक आणि एल्बोची आतली बाजू दोन्ही एमरी पेपरने किंवा ब्रशने घासायची, जुना तपकिरी थर जाऊन ताजा गुलाबी चकचकीत रंग दिसेपर्यंत, आणि मग त्याला बोट लावायचं नाही, हाताचं तेलसुद्धा सोल्डरला नको असतं. कटरने कापल्यावर आत उठलेली धार, म्हणजे बर, काढा. फ्लक्स, म्हणजे तापताना तांबं काळं पडू न देणारी पेस्ट, पातळ लावायचा, प्लंबिंगचाच, आणि आतल्या टोकावर कमी, नाहीतर तो पाइपमध्ये जातो. आणि तपकीर गल्लीतली इलेक्ट्रॉनिक्सची ६०-४० वायर आणू नका, त्यात शिसं असतं, पाण्याच्या लाइनला ती चालणार नाही.

मग आग. इथे सगळ्यात जास्त चुका होतात. ज्वाला सोल्डर वायरवर मारायची नाही, फिटिंगवर मारायची, आणि एका जागी न ठेवता सगळीकडून फिरवायची. फ्लक्स बुडबुडे काढून चमकायला लागला की ज्वालेच्या विरुद्ध बाजूला वायर टेकवून बघा, तांब्याच्या गरमीनेच ती वितळली तर वेळ झाली, वितळली नाही तर वायर लगेच काढून घ्या आणि आणखी तापवा. बरोबर तापलं असेल तर सोल्डर स्वतःच फटीत ओढलं जातं आणि कडेला गोल चकचकीत कडी दिसते. १५ एमएमच्या जॉइंटला साधारण १५ एमएम वायर पुरते, २२ ला २२, त्याहून जास्त घातलं तर ते आत जाऊन थेंब होऊन बसतं. फ्लक्स काळा पडून जळाला तर त्यावर आणखी वायर घालून काही होत नाही, उतरवा, परत घासा, परत फ्लक्स लावा.

मावशीकडे माझा पहिला एल्बो गळलाच. कारण वरून थेंबथेंब पाणी येत होतं आणि मी दुर्लक्ष केलं, पाणी वाफ होत राहतं आणि जॉइंट तापतच नाही, सोल्डर गोळ्या होऊन घसरत होतं. दुसऱ्यांदा कॉक बंद करून खालचा नळ उघडा ठेवला, म्हणजे वाफेला वाट, आणि पाइपमध्ये साध्या ब्रेडचा मऊ भाग कोंबला, थेंब तो शोषून घेतो आणि नंतर पाण्यात विरघळून निघून जातो (नळाची जाळी काढून ठेवा, नाहीतर ब्रेड तिथेच अडकतो). एल्बोच्या मागे भिंत होती तिथे जुना पत्रा लावला आणि बादलीभर पाणी जवळ ठेवलं. गच्चीवर वारा होता, पत्र्याचा आडोसा केला तेव्हा कुठे एल्बो नीट तापला.

सोल्डरची चमक जाऊन ते फिकट होईपर्यंत जॉइंट हलवायचा नाही, पाणी ओतून थंड करायचा नाही. जरा कोमट झाला की ओल्या फडक्याने उरलेला फ्लक्स पुसून टाकायचा, तो राहिला तर काही महिन्यांत हिरवा चट्टा उमटतो आणि तिथूनच तांबं खायला सुरुवात होते.

मग कॉक हळूहळू उघडायचा, कोरड्या टिश्यूने जॉइंटच्या खालची बाजू पुसायची, पंधरा मिनिटांनी परत पुसायची. मावशीचा टिश्यू दुसऱ्या वेळी कोरडा निघाला.