खानापूर तालुक्यात सर्व्हे: २४ गावांत ३० माणसं की ४२ गावांत १०?

खानापूर तालुक्यातल्या प्रौढांमध्ये उच्च रक्तदाब किती, हे मोजायचं ठरलं की पहिला हिशेब सोपा असतो. अंदाजे प्रमाण २५ टक्के धरलं, उत्तरात ५ टक्के इकडेतिकडे चालेल म्हटलं, की

```
n = 1.96² × 0.25 × 0.75 / 0.05² ≈ 289
```

म्हणजे २८९ माणसं. हा आकडा संपूर्ण तालुक्याच्या यादीतून एकेक माणूस चिठ्ठी टाकून निवडला तरच खरा. तशी यादी आपल्याकडे नसते, आणि असली तरी कणकुंबीला एक, लोंढ्याला एक, जांबोटीला दोन माणसं गाठत फिरणं परवडत नाही. म्हणून आधी गावं निवडायची आणि मग गावातली माणसं. इथे डिझाइन इफेक्ट येतो.

एका गावातली माणसं एकमेकांसारखी असतात. त्यांचं मीठ, काम, दवाखान्याचं अंतर सारखंच. त्यामुळे त्याच गावातला तिसावा माणूस पहिल्याइतकं नवीन काही सांगत नाही. हा तोटा असा मोजतात:

```
DEFF = 1 + (m − 1) × ρ
```

`m` म्हणजे दर गावात किती माणसं, आणि `ρ` म्हणजे गावातल्या गावात असलेलं साम्य. २८९ ला DEFF ने गुणायचं.

बरेच जण इथे डोळे मिटून २ ने गुणतात. या दोनाचं मूळ लसीकरणाच्या जुन्या ३० गट × ७ मुलं या पद्धतीत आहे. तिथे ५० टक्के प्रमाण आणि १० टक्के चूक धरून ९६ मुलं लागत, त्यांची दुप्पट १९२, आणि सोयीसाठी २१०. सात मुलांच्या गटासाठीचा तो दोन, तीस माणसांच्या गटाला उसना घेता येत नाही. सातांच्या गटात DEFF २ असेल तर `ρ` सुमारे ०.१७ निघतो, तोच `ρ` तिसांच्या गटात घातला तर DEFF ५.८ होतो.

आता दोन्ही आराखडे शेजारी ठेवू. गावात परवानगी आणि घरांची यादी करायला एक दिवस, आणि नंतर टीमला दिवसाला १० माणसं, असं धरलं आहे.

| `ρ` | गावात १० माणसं | गावात ३० माणसं |
|---|---|---|
| ०.०१ | ३२ गावं, ६४ दिवस | १३ गावं, ५२ दिवस |
| ०.०५ | ४२ गावं, ८४ दिवस | २४ गावं, ९६ दिवस |
| ०.१० | ५५ गावं, ११० दिवस | ३८ गावं, १५२ दिवस |

कमी गावं म्हणजे कमी खर्च, हा समज मधल्या ओळीतच मोडतो. २४ गावांत ३० माणसं घेतली तर ७२० जण तपासावे लागतात. ४२ गावांत १० घेतली तर ४२० पुरतात. `ρ` अगदी लहान असेल तेव्हाच तीसवाला आराखडा स्वस्त पडतो, आणि तिथेही एक अडचण आहे. तेरा गावांवरून काढलेल्या ९५ टक्के विश्वासांतरासाठी १.९६ नव्हे, सुमारे २.१८ वापरावं लागतं. ठरवलेली ५ टक्क्यांची चूक मग साधारण ५.४ होते.

`ρ` कुठून आणायचा? अशाच लोकसंख्येतल्या जुन्या सर्व्हेत DEFF आणि दर गटातली माणसं दिलेली असतील, तर `(DEFF − 1) / (m − 1)` काढा. नसेल तर काय मोजताय ते बघा. रक्तदाब माणसागणिक बदलतो, तिथे `ρ` सहसा लहान. शौचालय, पाणी, लसीकरण या गोष्टी अख्ख्या गावाला मिळतात किंवा मिळत नाहीत, तिथे तो मोठा. एकाच फॉर्मवर दोन्ही प्रश्न असतील तर मोठ्या `ρ` साठी हिशेब करा.

माझं मत दहावाल्या आराखड्याकडे झुकतं. अपवाद एकच: परवानगी आणि यादीला गावागणिक दोन-तीन दिवस जात असतील तर गणित उलटतं. `ρ` ०.०५ असला तरी तीन दिवस धरल्यास ४२ गावांना १६८ दिवस लागतात, २४ गावांना १४४. म्हणून आधी दोन गावांत यादी करून बघा आणि लागलेला वेळ लिहून ठेवा.

नकार आणि गैरहजेरी यांची भर गावाच्या आत घाला. दहा टक्के धरलं तर १० ऐवजी १२ नावं निवडा. इथले बरेच जण कामाला गोव्यात असतात, म्हणून एक फेरी रविवारी ठेवा. घरी सापडलेल्यांनाच मोजलं तर म्हातारी माणसं जास्त येतात आणि रक्तदाबाचं प्रमाण फुगतं. हा दोष नमुना वाढवून जात नाही. आशा ताईंच्या रजिस्टरवरून वयोगट ताडून पाहिलात की तो लगेच दिसतो.

लहान वाड्या शेजारच्या गावाला जोडून एक क्लस्टर करा, आणि हे गावं निवडण्याआधी. गावं लोकसंख्येच्या प्रमाणात निवडा, म्हणजे दर गावात सारखी माणसं घेता येतात. शेवटी विश्लेषणात गावाचा कोड द्यायला विसरू नका. स्टाटात `svyset`, आर मध्ये `svydesign`. तो कोड न देता काढलेलं विश्वासांतर खोटं अरुंद येतं, आणि गावं निवडताना केलेला सगळा हिशेब तिथे वाया जातो.