मिक्स गप्पी की एकाच जातीचे फॅन्सी गप्पी? घरी ब्रीड करून दुकानात द्यायचे असतील तर

गप्पी म्हटलं की आपल्याकडे अजूनही बऱ्याच जणांना नगरपालिकेचे लोक डासांसाठी टाकीत सोडतात तेच राखाडी मासे आठवतात. पेट शॉपमधले रंगीत शेपटीवाले गप्पी त्याच जातीचे, फक्त पिढ्यानपिढ्या निवडून वाढवलेले. पिल्लं काढणं अजिबात अवघड नाही, नर-मादी एकत्र ठेवले की महिन्याभरात पिल्लं दिसतातच. अवघड आहे ते विकणं, आणि काय विकायचं हे ठरवल्याशिवाय टाक्या घेऊ नका. मी पुण्यात दोन्ही प्रकार केलेत, आधी वर्षभर मिक्स, म्हणजे सगळ्या रंगांचे एकत्र, आणि मग फुल रेड, म्हणजे अख्खा लाल असा एकच प्रकार, त्यामुळे खालचे सगळे आकडे माझ्या खिशातले आहेत, तुमच्याकडे थोडे इकडेतिकडे होणार.

आधी खर्च. मिक्ससाठी मी साठ-सत्तर लिटरचे दोन प्लास्टिक टब घेतले, साडेतीनशेचा एक. दोन नळ्यांचा एअर पंप साडेतीनशे, दोन स्पंज फिल्टर अडीचशे, पाच नर दहा माद्या तीनशेला, वर जाळी, खाद्य, अँटिक्लोरिन मिळून तीनशे. झाले एकोणीसशे रुपये. काचेची टाकी लागतच नाही, टबात वरून मासे छान दिसतात आणि टब फुटत नाही, घरात लहान मुलं असतील तर हे कळेलच.

फुल रेडला मात्र दोन टब पुरत नाहीत, आणि कारण असं की गप्पीची मादी एकदा नराबरोबर राहिली की त्याचं वीर्य पोटात साठवते आणि पुढे कित्येक महिने नर नसतानाही पिल्लं देत राहते. त्यात नराचे बरेचसे रंग बापाकडून मुलाकडे जातात. म्हणजे एक चुकीचा नर दोन दिवस जरी आत राहिला तरी पुढच्या चार-पाच बाळंतपणांवर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून पिल्लं साधारण तीन-चार आठवड्यांची झाली की नर आणि माद्या वेगळ्या करायच्या. मादीच्या पोटाखाली मागच्या बाजूला काळसर डाग दिसायला लागतो आणि नराचा पोटाखालचा पर पंख्यासारखा न राहता काडीसारखा टोकदार होतो. नुसत्या डोळ्यांना नाही दिसलं तर काचेच्या ग्लासात घेऊन मोबाईलने झूम करून बघा, मी अजूनही तसंच करतो.

आता जागेचा हिशोब बघा. ज्यांच्यापासून पिल्लं काढायची त्या नर-माद्यांसाठी एक टाकी, नवीन पिल्लांसाठी एक, मग नर एका टबात माद्या दुसऱ्या टबात, आणि हे वाढत असताना पुढची बॅच आलेलीच असते म्हणून अजून दोन टब. दोन फुटी काचेच्या टाक्या दोन अठराशेला, चार टब चौदाशेला, मोठा पंप नऊशे, सहा फिल्टर साडेसातशे, दोन नर चार माद्या आठशेला, थंडीसाठी दोन हीटर सातशे आणि पिल्लांना खायला घालायच्या आर्टेमिया नावाच्या बारीक जिवांच्या अंड्यांची पुडी चारशे, एकूण पावणेसात हजार. रॅक धरलेलाच नाही, आणि सहा टाक्यांचं पाणी म्हणजे जवळपास साडेतीनशे लिटर, म्हणजे साडेतीनशे किलो, ते साध्या शोकेसवर ठेवू नका.

पाण्याच्या बाबतीत दोघांमध्ये फरक नाही, पण कुठलं पाणी आहे याने खूप फरक पडतो. गप्पीला जरा जड पाणी मानवतं. मुंबईत तलावाचं पाणी येतं ते खूप मऊ, त्यात गप्पी पर मिटून एका जागी थरथरत राहतात आणि आपण आजार समजून औषधं ओतत बसतो. मूठभर शिंपल्यांचा चुरा किंवा कोरल चिप्स जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरजवळ ठेवा, आठवड्याभरात फरक दिसतो. उलट बोअरचं पाणी, ज्याने बादलीला पांढरा थर धरतो आणि साबणाला फेस येत नाही, ते आपल्याला नकोसं पण गप्पीला चालतं.

नवीन टाकीत पहिले तीन-चार आठवडे मासे कमीच ठेवा. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो आणि तो खाणारे बॅक्टेरिया स्पंजवर जमायला तेवढा वेळ लागतो. नंतर दर आठवड्याला पाव पाणी बदललं की पुरतं, आणि स्पंज नळाखाली नाही तर त्याच काढलेल्या पाण्यात पिळायचा, नाहीतर क्लोरिनने ते बॅक्टेरिया मरतात आणि परत पहिल्यापासून सुरू.

माझा सगळ्यात मोठा फटका पाण्यानेच बसला. मे महिन्यात सोसायटीत टँकर आला, त्याच दिवशी टाकी ब्लीचिंग पावडरने धुतलेली, आणि मी आळशीपणे पाईप थेट टबात सोडला. तासाभरात मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले, संध्याकाळपर्यंत सत्तरेक गेले. तेव्हापासून एक ड्रम वेगळा ठेवलाय, पाणी एक दिवस त्यात हवेचा दगड लावून मुरू द्यायचं, वर अँटिक्लोरिन, मगच टाकीत.

थंडीत पुण्या-नाशकात रात्री पाणी अठरा-एकोणीसवर येतं. मोठे गप्पी तग धरतात पण पिल्लांची वाढ थांबते आणि तीन महिन्यांची बॅच साडेचारवर जाते. मिक्सला मी हीटर लावलाच नाही, परवडत नाही. फुल रेडला पन्नास वॉटचे दोन, अर्धा वेळ जरी चालू धरले तरी महिन्याला छत्तीस युनिट होतात. मुंबई-कोकणात हा खर्च बहुतेक वेळा नाहीच.

आता दुकानदार. मी पहिल्यांदा साठ मिक्स गप्पी घेऊन गेलो तेव्हा त्याने टब बघितलाही नाही, म्हणाला, "दादा, हे मला कलकत्त्याच्या मालात पोत्याने येतात, तुझे कशाला घेऊ?" खरं होतं त्याचं. कोलकाता आणि चेन्नईचं कोळत्तूर इथून होलसेल माल ज्या भावात येतो त्या भावात आपण घरी वाढवूच शकत नाही. पण तो बोलता बोलता हेही बोलून गेला की पिशवी उघडल्यावर आठवड्यात बरेच मरतात. आपल्या हातात तेवढंच आहे: प्रवासाने दमलेला नाही, इथल्याच पाण्यात जन्मलेला, मरत नाही असा मासा. मग मी त्याला वीस मासे फुकट दिले, म्हटलं दहा दिवस ठेव आणि मोज. एकोणीस जगले. तेव्हापासून पाच रुपयाने घेतो. गिऱ्हाइकाला पंधरा-वीसला विकतो, ते त्याचं.

तो एकोणीसचा आकडा नशिबाने आलेला नव्हता. द्यायच्या आदल्या दिवशी खायला घालत नाही, म्हणजे पिशवीतलं पाणी खराब होत नाही. पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग हवा. आणि पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा शंभर-दीडशे रुपयांचा टीडीएस मीटर घेऊन दुकानाच्या पाण्याचा आकडा बघून ठेवलाय. त्याचा एकशे वीस, माझ्या बोअरचा सहाशे, म्हणून शेवटचे चार-पाच दिवस नळाचं पाणी मिसळत हळूहळू खाली आणतो. एकदम सहाशेतून एकशे वीसमध्ये टाकलेला मासा दिसायला ठणठणीत असतो आणि दोन-तीन दिवसांत मरतो, मग तुमचं नाव खराब.

मिक्समध्ये दोन टबातून महिन्याला शंभर मासे निघाले तर पाचशे रुपये. खाद्य आणि पंपाची लाईट वजा केली की तीनशे-साडेतीनशे राहतात. एकोणीसशे फिटायला सहा महिने, आणि पहिली विक्री तिसऱ्या महिन्याच्या आधी होत नाही ते वेगळंच. वेळ मात्र रोज दहा मिनिटं.

फुल रेडची एक बॅच सांगतो. चार माद्यांची पोटं चौकोनी दिसायला लागली की त्यांना हायड्रिला ही पाणवनस्पती भरलेल्या टाकीत हलवायचं आणि पिल्लं टाकली की लगेच माद्या बाहेर, नाहीतर त्या स्वतःचीच पिल्लं खातात. ऐंशी पिल्लं जगली. पहिले तीन आठवडे ताजा आर्टेमिया, लिटरभर पाण्यात पंचवीस ग्रॅम मीठ आणि जोरात हवा, दीड दिवसाच्या आत अंडी फुटतात. हे रोज करावं लागतं, गावाला गेलात तर बॅच गेली समजा. साडेतीन महिन्यांनी चाळीस नर चाळीस माद्या, त्यातून वाकडा कणा, फाटकी शेपूट, डोक्यावर रंग न चढलेले काढले की पंचवीस जोड्या चांगल्या निघाल्या. सत्तर रुपये जोडीने साडेसतराशे, उरलेले तीस मिक्सच्या भावात दीडशे, म्हणजे एकोणीसशे. दर दीड महिन्याला एक बॅच धरली तर महिन्याला साडेबाराशेच्या आसपास. मधे होणारी पिल्लं पोसायला जागा नसते, ती माद्यांजवळच सोडतो, जी वाचतात ती मिक्सच्या टबात. खाद्य, लाईट जाऊन आठशे हातात, थंडीत त्याहून कमी.

आकड्यात फुल रेड जिंकतो, पण एक दुकान दीड महिन्यात पंचवीस लाल जोड्या घेत नाही हो! माझा दुकानदार आठ-दहा घेतो, नंतर म्हणतो आता निळे आण. म्हणजे तीन दुकानं धरावी लागतात किंवा दुसरी जात, आणि दुसरी जात म्हणजे परत सहा टाक्या. हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

रोगाचा धोकाही फुल रेडमध्ये जास्त, कारण एकाच घरातल्या माशांची चार-पाच पिढ्या लग्नं लावली की मासे बारीक आणि नाजूक व्हायला लागतात, मग बाहेरून नवा नर आणावा लागतो आणि त्याच्याबरोबर आजार येतो. गुदद्वारातून लाल दोऱ्यासारखं काही बाहेर लोंबताना दिसलं तर तो जंत, नुसतं मीठ टाकून जात नाही, लेव्हामिसोल लागतं. नवा मासा कितीही चांगला दिसला तरी तीन-चार आठवडे वेगळ्या बादलीत, वेगळी जाळी, आणि त्या जाळीचा हातही दुसऱ्या टाकीत नाही.

तर, बाल्कनीत दोन टबांची जागा असेल, नोकरीमुळे मधेमधे बाहेर जावं लागत असेल तर मिक्स घ्या, त्यातून माशाचा आणि खाद्याचा खर्च सुटतो, पगार सुटत नाही. एक अख्खी भिंत रिकामी असेल, घरात रोज कोणीतरी असेल आणि मुख्य म्हणजे टाक्या घेण्याआधी तीन दुकानदार "महिन्याला पाच-सहा जोड्या घेईन" म्हणाले असतील तर फुल रेड. अल्बिनो, म्हणजे लाल डोळ्यांच्या फिकट गप्पींच्या मागे पहिल्याच वर्षी लागू नका, भाव जास्त दिसतो पण त्यांना नीट दिसत नाही, खाद्य शोधायला वेळ लागतो आणि पिल्लं जास्त मरतात.

दोन्हीकडे नको असलेले मासे उरतातच. ते नदीत, तळ्यात सोडू नका, गप्पी तिथे भराभर वाढतात आणि आपल्या इथल्या छोट्या माशांची पिल्लं खातात. मी दुकानदाराला देतो, तो मोठ्या माशांना खाद्य म्हणून घालतो. पैसे देत नाही त्याचे, पण बदल्यात खाद्याचं पाकीट देतो, आणि खरं सांगायचं तर त्याच्याकडे राहिलेली माझी निम्मी उधारीही अशीच पाकिटांतून फिटते.