तारे दाखवणारा दिवा, टॉर्च आणि कापडी कुत्रा: सात महिन्यांनंतर

लेकीला चौथं वर्ष लागून गेलं आणि महिन्याभरात तिला अंधाराची भीती वाटायला लागली. दिवा मालवला की पाच मिनिटांत झोपणारी पोर, दाराआड कोणीतरी उभं आहे म्हणून गळ्याला मिठी मारून बसायला लागली. घरात बातमी पसरली आणि वाढदिवस नसताना भेटी आल्या. मामाने छतावर तारे फिरवणारा प्रोजेक्टर दिला, आत्याने टॉर्च, आजीने कापडी कुत्रा.

सगळ्यात देखणा प्रोजेक्टर, आणि त्यानेच सगळ्यात जास्त छळलं. तो ४५ मिनिटांनी आपोआप बंद होतो. आम्हाला ही सोय वाटली. पण लेक रोज रात्री दोनच्या सुमारास किंचाळत उठायला लागली, आणि दोन आठवडे आम्ही भीती वाढली असंच समजत राहिलो. एका रात्री मी तिथेच आडवी झाले, तेव्हा उलगडा झाला. मुलं रात्रीत अनेकदा अर्धवट जागी होतात आणि सगळं जसंच्या तसं असेल तर कूस बदलून पुन्हा झोपतात. ही झोपली ताऱ्यांखाली आणि जागी झाली काळ्याकुट्ट खोलीत. घाबरेल नाही तर काय! शिवाय त्यातला प्रकाश निळा. झोप आणणारं मेलाटोनिन निळ्या प्रकाशाने सर्वांत जास्त दबतं. आता तो फक्त संध्याकाळी खेळायला निघतो.

त्याच्या जागी मंद, पिवळट-नारिंगी दिवा आणला, रात्रभर एकसारखा जळणारा. तोही आधी चुकीच्या जागी ठेवला. खुर्चीजवळ जमिनीवर ठेवल्यामुळे खुर्चीच्या पाठीची सावली भिंतभर चढली, आणि लेक म्हणाली, "तिथे बाई उभी आहे." तिच्या उशीवर डोकं टेकवून बघितलं, तर खरंच बाईच दिसत होती. दिवा कपाटामागे भिंतीकडे तोंड करून सरकवला, तेव्हा थेट प्रकाश गेला, भिंतीवरून परतलेला तेवढा उरला आणि बाई नाहीशी झाली. दिवा कोणताही घ्या, जागा मात्र मुलाच्या उशीवरून बघून ठरवा.

टॉर्च साधी, पण तिचा खरा उपयोग झोपायच्या आधीच झाला. संध्याकाळी खोलीत अंधार करून आम्ही तिच्या वस्तू लपवायचो आणि ती शोधायची. पहिल्या दिवशी दार सताड उघडं होतं, आठवड्याभरात ते अर्धं लोटलेलं चालायला लागलं. हात टॉर्चजवळ नेला की सावली राक्षसाएवढी, भिंतीजवळ नेला की हाताएवढीच, हे तिने स्वतः करून बघितलं. त्यानंतर सावल्यांचं भय बरंच ओसरलं. पलंगाखाली बागुलबुवा नाही ना, हे रोज मी वाकून बघायचे, ते मात्र बंद केलं. आईच शोधतेय म्हणजे कधीतरी सापडणारच, असा तिचा हिशोब झाला होता. तोटा एकच: पहिल्या आठवड्यात ती पांघरुणात अर्धा तास टॉर्च चालू-बंद करत बसायची. मग तीनदा बघायचं आणि उशीखाली ठेवायची, असं ठरलं. घेताना बॅटरीचं झाकण स्क्रूने बसणारं आहे ना, ते तपासा.

कुत्र्याने मात्र बाजी मारली, तीही दुसऱ्या प्रयत्नात. आजीने देताना सांगितलं होतं, "हा तुझी राखण करेल." चार दिवस बरे गेले. पाचव्या रात्री प्रश्न आला, "आणि त्यालाच झोप लागली तर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढे तेल अवीव विद्यापीठातल्या कुशनीर आणि सादेह यांच्या २०१२च्या अभ्यासाबद्दल वाचलं. त्यांनी ४ ते ६ वर्षांच्या घाबरणाऱ्या मुलांना कापडी कुत्रा दिला. काहींना सांगितलं, हा तुझं रक्षण करेल. काहींना, हा बिचारा घाबरतो, तू याला सांभाळ. भीती दोन्हीकडे कमी झाली. आमच्याकडे पहिला उपाय थकला होता, म्हणून दुसरा करून पाहिला. लेकीला म्हटलं, "हा अंधाराला घाबरतो गं, सांगायला लाजतो." तिने त्याला ताबडतोब कुशीत घेतलं. तेव्हापासून त्याला पांघरूण घालायचं, पाठ थोपटायची, हे तिचं काम. एकदा दाराबाहेरून ऐकलं: "अरे, तो टॉवेल आहे. सकाळी दाखवते हं."

मी दिवसाचं शेवटचं पांघरूण सारखं केलं की सांगते, "दोन मिनिटांनी येते," आणि तिने हाक मारायच्या आत जाते. मग पाच मिनिटांनी, मग दहा. एकदा विसरले, तर पुढचे तीन दिवस ती माझी वाट बघत जागी राहिली.

आता झोपायला साधारण वीस मिनिटं लागतात, पूर्वी दीड तास जायचा. ताप आला की किंवा दुसऱ्याच्या घरी मुक्काम असला की गाडी पुन्हा मागे जाते. आणि कुत्रा सकाळीच धुवा. आम्ही एकदा दुपारी धुतला, रात्री तो ओलाच होता. त्याला वाळत टाकलेल्या दोरीखाली अंथरूण घालून झोपायला लागलं, तिलाही आणि मलाही.