सभागृहासाठी डिजिटल मिक्सर: फेडरवाला डेस्क की टॅबलेटवर चालणारा बॉक्स?

नाशिकच्या इंदिरानगर, गंगापूर रोड किंवा सिडकोतलं साधारण तीनशे खुर्च्यांचं सभागृह समोर ठेवा. शनिवारी सकाळी ज्येष्ठ नागरिकांचं व्याख्यान, त्याच संध्याकाळी भजनी मंडळ, रविवारी नृत्यवर्गाचं स्नेहसंमेलन, मधल्या दिवसांत साखरपुडा नाहीतर शोकसभा. साउंड बघणारा माणूस दर वेळी वेगळा. जुन्या ॲनालॉग मिक्सरची बटणं आदल्या कार्यक्रमात कुणी कुठे फिरवली हे कोणालाच आठवत नाही, म्हणून समिती डिजिटल मिक्सर घ्यायचं ठरवते. मग दोन पर्याय समोर येतात. एक म्हणजे हाताखाली खरे फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या पट्ट्या असलेला डेस्क, उदाहरणार्थ बेहरिंगरचा एक्स ३२ कॉम्पॅक्ट, यामाहाचा टीएफ १ किंवा ॲलन अँड हीथचा क्यू १६. दुसरा म्हणजे स्टेजच्या कडेला ठेवायचा, फेडर नसलेला आणि टॅबलेटवरून चालवायचा बॉक्स, जसा बेहरिंगरचा एक्सआर १८ किंवा साउंडक्राफ्टचा यूआय २४ आर.

या वर्गात आवाजाच्या दर्जावरून निवड करण्याइतका फरक राहिलेला नाही. कार्यक्रम चालू असताना काही बिघडलं तर हात कुठे जाणार, हा खरा फरक आहे. आणि सीनची शिस्त नसेल तर दोन्ही पर्याय सारखेच त्रास देतात, म्हणून आधी सीन.

सीन कधी उपयोगी पडतो

सीन म्हणजे मिक्सरची त्या क्षणीची जवळजवळ सगळी स्थिती: फेडर, म्यूट, इक्वलायझर, मॉनिटरला म्हणजे कलाकारांकडे तोंड केलेल्या स्पीकरला जाणारा आवाज, इफेक्ट, आणि वगळलं नाही तर माइकचा गेन, म्हणजे मिक्सरमध्ये शिरतानाच त्याचा आवाज किती वाढवायचा ते, आणि माइकला वायरीतून मिळणारी ४८ व्होल्टची वीज म्हणजे फँटमसुद्धा. एक्सआर १८ मध्ये त्याला स्नॅपशॉट म्हणतात आणि ६४ साठवता येतात. एक्स ३२ मध्ये शंभर सीन बसतात. तीनशे खुर्च्यांच्या सभागृहाला दहा-बारा पुरतात, त्यामुळे या आकड्यांवरून निवड करू नका.

सीन चालण्यासाठी पहिली अट अशी की प्रत्येक माइकची जागा कायमची ठरलेली हवी. आपल्या उदाहरणात चॅनेल १ वर पोडियमचा गूजनेक, २ आणि ३ वर कॉर्डलेस, ४ वर कॉलर माइक, ५ ते ८ वर गायकांचे वायरवाले माइक, ९ वर हार्मोनियम, १० वर तबला, ११ वर पखवाज आणि १५-१६ वर डीआय बॉक्समधून लॅपटॉप. स्टेजवरच्या सॉकेटवर हेच आकडे चिकटवायचे. एखाद्या स्वयंसेवकाने तबल्याची वायर ७ मध्ये लावली की भजनाचा सीन तबल्याला गायकाचा इक्वलायझर लावतो आणि तबला पत्र्यासारखा वाजतो. लोक मग मिक्सरला दोष देतात. तबला बोदा किंवा पत्र्यासारखा वाटला तर आधी वायरचा आकडा बघावा.

व्याख्यानाच्या सीनमध्ये १ ते ४ सोडून बाकी सगळं म्यूट, उघड्या माइकवर सुमारे १२० हर्ट्झखालचं कापलेलं, रिव्हर्ब बंद. भजनात पोडियम म्यूट, २ आणि ५ ते ११ उघडे, रिव्हर्ब चालू, गायकांच्या मॉनिटरमध्ये हार्मोनियम आणि तबला भरपूर. पखवाजाचं कापणं मात्र ४० हर्ट्झच्या आसपास आणावं लागतं, नाहीतर त्याचा घुमारा जातो. नृत्याच्या सीनमध्ये लॅपटॉप आणि निवेदकाचा एक कॉर्डलेस, बाकी काही नाही.

सीनमधून काय वगळायचं

सभागृहं इथेच चुकतात. समजा कॉर्डलेस २ व्याख्यानात वक्ता हातभर लांब धरतो, म्हणून त्याचा गेन ३० डेसिबलला आहे. भजनात गायक तोच माइक ओठांशी धरतो, तिथे १८ पुरतात. दोन्ही सीनमध्ये गेन साठवला आणि भजन चालू असताना कुणी चुकून व्याख्यानाचा सीन लावला, तर एका झटक्यात १२ डेसिबल वाढतात आणि सभागृहभर शिट्टी घुमते. म्हणून गेन सीनच्या बाहेर ठेवावा. एक्स ३२ मध्ये त्यासाठी सेफची यादी असते, एक्सआर १८ मध्ये स्कोप. गेन प्रत्येक कार्यक्रमाच्या चेकिंगमध्ये हातानेच लावायचा: जोरात बोलल्यावर मीटरचं टोक उणे १२ च्या आसपास राहिलं की झालं.

फँटमही बाहेरच ठेवा. तो चालू-बंद होताना स्पीकरमध्ये दणका बसतो. मुख्य आउटपुटचा फेडर, स्पीकरसाठी केलेलं इक्वलायझिंग, डिले आणि लिमिटर यांनाही सीनने हात लावता कामा नये, कारण ती जुळवणी सभागृहाची असते, कार्यक्रमाची नव्हे. रिकाम्या सभागृहात साठवलेला मुख्य फेडर भरल्या सभागृहात कमी पडतो, आणि भरल्यात साठवलेला दुसऱ्या दिवशी सकाळी कानठळ्या बसवतो.

क्रमांकांची पद्धतही ठरवून टाका. ०१ हा पायाभूत सीन, त्यात सगळे चॅनेल म्यूट. दहाच्या घरात व्याख्यानं, विसात भजन, तिसात नृत्य. प्रत्येक बदल आधी ०१ वर जाऊनच करायचा, आणि जुन्यावर न लिहिता नव्या क्रमांकावर साठवायचं. चॅनेलची नावं रोमन अक्षरांतच द्या, PODIUM, TABLA, PAKHAWAJ अशी, कारण मिक्सरच्या पडद्यावर देवनागरी दिसेलच याचा भरवसा नसतो. एक्स ३२ आणि क्यू १६ यांचे सीन पेनड्राइव्हवर उतरवता येतात. एक्सआर १८ ला पेनड्राइव्हची जागाच नाही, तिथे लॅपटॉपवरच्या X AIR Edit मधून फाइल साठवावी लागते. बॉक्स घेणार असाल तर हे काम कुणाकडे राहील ते आधी नक्की करा.

टॅबलेटची बाजू

बॉक्सचा मोठा फायदा जागेचा आणि वायरींचा. तो विंगेत बसतो, माइकच्या वायरी पाच-सात मीटरच्या राहतात, सभागृहाच्या मागपर्यंत जाणारी, सगळ्या माइकच्या वायरी एकत्र असलेली जाड मल्टिकोर वाचते, खुर्च्या काढून टेबल मांडावं लागत नाही. चालवणारा शेवटच्या रांगेत उभा राहून तिथला आवाज ऐकत बदल करतो. मॉनिटरची शिट्टी काढताना तो तबलजीच्या शेजारी बसून इक्वलायझर लावू शकतो. डेस्कवाल्याला हे काम स्टेज आणि टेबल यांमध्ये धावत करावं लागतं, किंवा दुसऱ्या माणसाच्या खुणांवर.

वायफायमधून आवाज जात नाही, फक्त हुकूम जातात. टॅबलेटची जोडणी तुटली तरी शेवटच्या स्थितीतला आवाज चालूच राहतो. अडचण येते ती आवाज बदलायची वेळ आल्यावर. एक्सआर १८ वर हेडफोनचा आवाज सोडून हाताने फिरवायचं काही नाही. माइक शिट्टी मारतोय आणि टॅबलेट जोडला जात नाही, अशा वेळी कार्यक्रम थांबवल्याशिवाय मार्ग राहत नाही.

चेकिंगला छान चालणारं वायफाय कार्यक्रमाच्या वेळी गळतं, याचं कारण सभागृह भरतं. एक्सआर १८ चं स्वतःचं वायफाय २.४ गीगाहर्ट्झवरच चालतं. त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, आणि शेजारच्या इमारतींचे राउटर, तीनशे फोन, काही स्वस्त कॉर्डलेस माइक हे सगळे तिथेच. शिवाय माणसांच्या शरीरात हे तरंग शोषले जातात. पहिली खूण मीटरवर दिसते: पट्ट्या गोठतात, मग फेडर ओढला की दोन-तीन सेकंदांनी उडी मारतो. अशा वेळी सीन लावायचा नाही. हुकूम उशिरा पोहोचतो, माणूस पुन्हा बटण दाबतो आणि गोंधळ वाढतो.

उपाय म्हणजे स्वतंत्र ड्युअल-बँड राउटर: ५ गीगाहर्ट्झ, चॅनेल ३६ ते ४८ पैकी एक, स्टेजलगत अडीच मीटर उंचीवर, म्हणजे डोक्यांच्या वर. एक्सआर १८ वरचा स्विच Ethernet वर करून बॉक्स वायरीने राउटरला जोडायचा. हा स्विच Access Point वर असेल तर लॅनचं सॉकेट काम करत नाही, हे पुष्कळांना कार्यक्रमाच्या वेळीच कळतं. त्याच राउटरला एक जुना लॅपटॉप वायरीने जोडून X AIR Edit उघडं ठेवायचं. वायफाय गेलं तरी हात टेकायला जागा राहते, त्यामुळे हा लॅपटॉप मी बॉक्सच्या किमतीतच धरतो. राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क किंवा आयसोलेशन चालू असेल तर टॅबलेटला मिक्सर सापडत नाही. टॅबलेटवर इंटरनेट नसलेलं वायफाय सोडून मोबाइल डेटावर जाण्याची सवय बंद करा, पडदा आपोआप विझणं बंद करा, आणि तो चार्जरवरच ठेवा.

डेस्कची बाजू

डेस्कवर आठ-सोळा फेडर एकदम समोर असतात आणि दोन्ही हात कामाला येतात. स्नेहसंमेलनात निवेदक, गाणं आणि पाहुण्यांचा माइक दर दोन मिनिटांनी बदलतात. तिथे टॅबलेटवर पानं सरकवत बसणाऱ्यापेक्षा डेस्कवाला निर्धास्त असतो. ॲनालॉगवर हात बसलेल्या काकांनाही तो अर्ध्या तासात जमतो. नवख्याची चूक एकच ठरलेली: लेयर बदलला की तोच फेडर दुसऱ्या चॅनेलचा होतो, आणि गायकाऐवजी लॅपटॉप बंद होतो. म्हणून सीन बनवताना त्या कार्यक्रमाचे सगळे महत्त्वाचे चॅनेल पहिल्याच लेयरवर बसवा.

डेस्कला मागे कायमची जागा, कुलुपाची पेटी आणि मल्टिकोर किंवा डिजिटल स्टेजबॉक्स लागतो. हा खर्च मिक्सरच्या कोटेशनमध्ये दिसत नाही. एक्स ३२ मध्ये वायफाय नाही, पण राउटर जोडला की टॅबलेट त्यालाही चालतो. मग टॅबलेट ही सोय उरते, आधार नव्हे, आणि त्याच्या बिघाडाने काही अडत नाही.

वीज दोघांनाही सारखीच नडते. जनरेटर चालू होईपर्यंतच्या काही सेकंदांत मिक्सर बंद पडून पुन्हा सुरू व्हायला वेळ घेतो, आणि राउटर त्याहून जास्त. दोघांना मिळून ६०० व्हीएचा यूपीएस पुरतो. ॲम्प्लिफायर त्यावर लावू नका.

कुणी काय घ्यावं

कार्यक्रम मुख्यतः व्याख्यानं, भजनं, सभा यांचे असतील, मागे टेबलाला जागा नसेल आणि वायरी-राउटर समजणारी एक कायमची व्यक्ती असेल, तर बॉक्स घ्या, वेगळ्या राउटर आणि लॅपटॉपसह. महिन्यात दोन-चार स्नेहसंमेलनं, नाटकं, ऑर्केस्ट्रा होत असतील किंवा चालवणारा दर वेळी नवा असेल, तर डेस्क घ्या, खर्च जास्त आला तरी. दोन्ही लागू होत असतील तर मी डेस्ककडे झुकेन.

विक्रेत्याकडून डेमो घेताना तो रिकाम्या सभागृहात घेऊ नका. एखाद्या भरल्या कार्यक्रमाला मिक्सर मागवा आणि मध्यंतरात तीन गोष्टी करून बघा: टॅबलेटचं वायफाय बंद करून पोडियमचा माइक किती सेकंदांत म्यूट होतो ते मोजा, ०१ वरून भजनाच्या सीनवर जाताना स्पीकरमध्ये टक् किंवा दणका येतो का ते ऐका, आणि मिक्सरची वीज काढून पुन्हा लावल्यावर टॅबलेट कोणाच्या मदतीशिवाय जोडला जातो का ते बघा.