ज्वारीच्या भडंगाला कॅप्शन कोणतं? दोन मसुदे शेजारी ठेवून

सांगलीकडचं भडंग चुरमुऱ्याचं. तोच लसूण-तिखटाचा मसाला ज्वारीच्या लाह्यांना लावून कुणी पाकीट काढलं, तर इन्स्टाग्रामवर आणि पाकिटावर काय लिहायचं हा प्रश्न येतोच. 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं तेव्हापासून ज्वारी-बाजरीच्या प्रत्येक पाकिटावर पौष्टिक, डाएट, शुगर-फ्रेंडली असलं काहीतरी छापलेलं असतं. तुम्हाला ते नको आहे, चव आणि घटकच सांगायचेत, असं धरून चालू.

एक किलो मालाची कृती समजा अशी आहे: लाह्या 500 ग्रॅम, शेंगदाणे 150, तेल 120, डाळं 80, लसूण 50, बेदाणे 30, मिरचीपूड 25, मीठ 18, साखर 15, जिरे-धने 6, हळद 5, हिंग 1. ही यादी हाताशी ठेवूनच कॅप्शन वाचायचं. तिच्याशी जुळत नाही तो शब्द कितीही गोड असला तरी काढायचा.

मसुदा एक

«नागपंचमीला मूठभर मिळायच्या, आता पाकीटभर! ज्वारीच्या लाह्यांना आपल्या भडंगाचा मसाला. चहा ठेवा, पाकीट फोडा.»

मसुदा दोन

«ज्वारीच्या लाह्या, खमंग शेंगदाणे, सालासकट ठेचून तळलेला लसूण. आधी कुरकुर, मग लसूण, तिखट सगळ्यात शेवटी. मध्येच एखादा बेदाणा.»

पहिला मसुदा सांगली-मिरजेत, ईश्वरपुरात, बत्तीस शिराळ्यात लगेच चालेल. नागपंचमी आणि लाह्या हे नातं इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही, आणि भडंग म्हटलं की चव जिभेवर येते. पण त्याची अडचणही तीच आहे. ज्याने भडंग खाल्लेलं नाही, त्याला या तीन वाक्यांतून चवीबद्दल काहीच कळत नाही. तिखट आहे का? लसूण आहे का? लसूण न खाणाऱ्या घरात पाकीट गेलं की तक्रार येणार, आणि ती रास्त असणार.

शिवाय भडंग म्हटल्यावर खाणारा चुरमुऱ्याची अपेक्षा घेऊन येतो. चुरमुरा एकसारखा असतो, तेल-तिखट त्याला सगळीकडून सारखं लागतं. लाही वेडीवाकडी फुटते. मसाला तिच्या घड्यांत बसतो, बाकीची पूड पाकिटाच्या तळाशी जाते. एखादं साल दातात अडकतं. यात वाईट काही नाही, पण वेगळं आहे, आणि पहिला मसुदा ते वेगळेपण झाकतो. म्हणून «प्रत्येक घासाला तोच ठसका» असलं वाक्य कुणी सुचवलं तर घेऊ नका. वरचे दोन घास फिके आणि तळाचा जहाल, असंच बहुतेक होतं. «उघडण्याआधी पाकीट हलवा» ही ओळ त्यापेक्षा कामाची.

दुसरा मसुदा मला जास्त आवडतो, कारण तो घटकांची यादी आणि खाण्याचा क्रम दोन्ही सांगतो. लाही चावताक्षणी वाजते, तळलेल्या लसणाचा वास त्यानंतर येतो, मिरचीचा तिखटपणा घास गिळताना जाणवतो. हे कुठल्याही चिवड्याबद्दल लिहिता येणार नाही, आणि ग्राहक ते घरी पडताळून पाहू शकतो. «सालासकट ठेचून» हे दोन शब्दांचं काम तर विशेषच. भडंग करणाऱ्याला ते वाचून कळतं की लिहिणाऱ्याने कढई पाहिली आहे.

त्यातला बेदाणा मात्र जपून. लेबलच्या नियमांत घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, आणि पाकिटावर शब्दांनी किंवा चित्राने एखाद्या घटकावर जोर दिला तर त्याचं प्रमाणही टक्क्यांत द्यावं लागतं. पाकिटावर बेदाण्याचा मोठा घड छापलात तर शेजारी 3 टक्के लिहावं लागेल, आणि ते वाचून लोक हसतील. «मध्येच एखादा बेदाणा» ही ओळ त्या 3 टक्क्यांशी प्रामाणिक आहे. «तासगावचा बेदाणा» लिहायचा मोह होईल. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, हळदीलाही आहे. माल खरंच तिथून घेतल्याची बिलं असतील आणि वर्षभर तिथूनच घेणार असाल तरच ते नाव लिहा. जोर द्यायचाच तर लाह्यांवर द्या. तिथे 50 टक्के छापायला कुणालाच संकोच वाटणार नाही.

आता आरोग्याचे दावे मागच्या दाराने कुठून शिरतात ते बघू, कारण दोन्ही मसुद्यांत एकेक शब्द वाढवला की ते शिरतात. «हलकाफुलका» लाहीच्या वजनाबद्दल असेल तर ठीक, «पोटाला हलका» झालं की तो दावा झाला. «मनसोक्त खा, काळजी नको» यात आरोग्य हा शब्द नसला तरी अर्थ तोच. «भाजलेला, तळलेला नाही» हे इथे सरळ खोटं आहे: लाह्या भट्टीत फुटल्या असतील, पण लसूण आणि शेंगदाणे तळलेत आणि किलोमागे 120 ग्रॅम तेल आहे. «बिनसाखरेचा» म्हणता येत नाही, साखर यादीत आहे.

सगळ्यात फसवा दावा म्हणजे «ग्लुटेनमुक्त». ज्वारीत ग्लुटेन नसतं हे खरं. पण बाजारातल्या डबीतल्या हिंगात बहुतेकदा गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. एक ग्रॅम हिंगामुळे अख्ख्या पाकिटाचा दावा अडचणीत येतो. त्या हिंगाच्या डबीवरचे घटक वाचा. गहू असेल तर तुमच्या लेबलवर ॲलर्जीच्या सूचनेत शेंगदाण्यासोबत गहूही लिहावा लागेल. «मैदा नाही» या ओळीचंही तेच, आणि तसंही भडंगात मैदा घालतो कोण?

«घरगुती चव» हे दोन्ही मसुद्यांत कुणीतरी घालायला सांगेलच. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या जाहिरात आणि दाव्यांच्या नियमांत ग्राहकाची चुकीची समजूत करून देणाऱ्या «घरी केलेलं» छापाच्या शब्दांना मनाई आहे. शेडमध्ये शेगडीवर दिवसाला पन्नास किलो होत असेल तर तो शब्द सोडून द्या. आणि कॅप्शन स्वच्छ ठेवून खाली हॅशटॅगमध्ये हेल्दी, वेटलॉस टाकणं हे तर सर्रास चालतं. तोही जाहिरातीचाच भाग आहे.

मग निवड कशी करायची? पाकिटावर आणि पुण्या-मुंबईच्या दुकानात दुसराच मसुदा. इन्स्टाग्रामवर नागपंचमीच्या आठवड्यात पहिला चालवा, पण त्याच्या दुसऱ्या वाक्यात लसूण आणा: «ज्वारीच्या लाह्यांना भडंगाचा लसूण-तिखट मसाला.» फोनवर सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दिसतात, पुढचं बोट लावल्याशिवाय उघडत नाही, म्हणून लसूण वरच हवा.

एक शब्द दोन्हीकडे तपासून घ्या: कुरकुर. नागपंचमी श्रावणात येते, आणि श्रावणातल्या हवेत लाही तासाभरात सादळते. गरम माल पाकिटात भरला तर आतच वाफ धरते आणि पाकीट फोडण्याआधीच लाही चिवट होते. पूर्ण गार करून भरत असाल तर «कुरकुर» लिहा, आणि शेवटी जोडा: «उघडलं की घट्ट झाकणाच्या डब्यात भरा.»